येते म्हटलं की दार उघडायचं

आक्काताई माइकसमोर बसून ‘जाते’ म्हणायला काही केल्या तयार होईनात, आणि साताऱ्यातल्या त्या कोंदट खोलीत सगळ्यांचंच काम त्या एका शब्दापाशी अडून बसलं.

राजवाड्यामागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर मुकुलची ती खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, खिडकीत गादी उभी केलेली, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकात शिरते. मुकुल चित्रं काढायचा, ती हलवायचा, आवाज भरायचा, गाण्याला खंजिरीही स्वतःच वाजवायचा. त्याच्यासमोर स्टुलावर पदर डोक्यावरून घट्ट ओढून आक्काताई बसलेल्या, आणि कोपऱ्यात हातात कागद धरून त्यांची धाकटी सून प्रियदर्शनी उभी.

“आज्जी, फक्त एकदा. जाते, जाते. एवढंच,” मुकुल म्हणाला.

“आवं, आसं कसं म्हणू? घरातनं निघताना जाते म्हणतंय व्हय कुणी? येतो म्हणत्यात.”

“पण हे तुम्ही नाही म्हणत. शेळी म्हणतीय.”

“शेळी झाली म्हणून काय झालं. तिला बी सांजच्याला परत यायचं आसंल की.”

मुकुल इतका हसला की त्याला कानावरचे हेडफोन काढून ठेवावे लागले. प्रियदर्शनीही हसली, पण तिचं अर्धं लक्ष सांगलीत होतं. चौदा महिन्यांच्या अपूर्वाला नवऱ्याजवळ, प्रशांतजवळ, ठेवून ती पहाटेच्या एसटीनं सासूला घेऊन आली होती. दर पंधरा मिनिटांनी ती मोबाइल बघत होती. पोरीला शिंक आली तरी प्रशांतनं कळवावं, अशी तिची ताकीद होती.

काम होतं ते असं. जर्मनीतल्या एका गावात मराठी मंडळाची शनिवारची शाळा भरायची. तिथल्या मुलांसाठी दहा व्हिडिओ करायचे होते. एकेक पाच मिनिटांचा. त्यात सहा शब्द, एक खेळ आणि एक गाणं. प्रियदर्शनी मराठीत एम.ए. झालेली, लग्नाआधी आटपाडीच्या शाळेत दोन वर्षं शिकवलेलं, म्हणून हे लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं. कागदाला मधोमध उभी रेघ. डावीकडे पडद्यावर काय दिसणार ते, उजवीकडे काय ऐकू येणार ते. प्रत्येक नवा शब्द आधी चित्रात किंवा कृतीत दिसला पाहिजे, मग ऐकू आला पाहिजे, मग मुलांनी टाळी वाजवत तो तोडून तीनदा म्हणायचा. आणि प्रत्येक प्रश्नानंतर उजव्या रकान्यात लिहायचं: चार सेकंद थांबा. पडद्यापलीकडच्या पोराला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो.

पोरं बरीच होती त्या वर्गात. पण प्रियदर्शनीनं मनातल्या मनात सगळं लिहिलं ते एकासाठी. यशराज, थोरल्या दिरांचा, कृष्णातदादांचा मुलगा. वय वर्षं सहा. दोन वर्षांचा असताना एकदा सांगलीला आला होता, त्यानंतर फक्त फोनवर. दर रविवारी आक्काताई मोबाइल दोन्ही हातांत ताटासारखा धरून बसायच्या. “जय भीम साहेब,” म्हणायच्या. तो “जय भीम आज्जी” म्हणायचा. मग त्या विचारायच्या, जेवलास का. तो आईकडे बघायचा. आई जर्मनमध्ये काहीतरी सांगायची, तो मान हलवायचा, आणि नातवाची नि आजीची भेट तिथंच संपायची. फोन ठेवल्यावर त्या म्हणायच्या, “माझंच रक्त, आन मला दुभाषी लागतोय.”

मार्चमध्ये डॉक्टरांनी प्रशांतला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आईंच्या हृदयाचा जेमतेम तिसरा हिस्सा काम करतोय. तेव्हापासून प्रियदर्शनीला एकच घोर. सासू आहे तोवर त्या पोराच्या तोंडात मराठी आली पाहिजे. सगळी नव्हे, दोघं एकमेकांना पुरतील एवढी. म्हणूनच शेळीला आवाज आक्काताईंचा, असा हट्ट तिनं धरला होता. शेळीचे कान आधी मुकुलनं कुत्र्यासारखे उभे काढले होते. आक्काताईंनी ते खाली पाडून घेतले, “आमच्या आटपाडीकडं आसली शेळी कुणी दावणीला बांधणार न्हाई” म्हणून.

चौथ्या व्हिडिओचे शब्द होते ये, जा, दार, उघड, लाव, आणि कोण. गाणं साधंच:

टकटक टकटक, कोण गं आली?
शेळी आमची दारी आली.
येते, येते – उघड दार.
जाते, जाते – लाव दार.

खेळ असा, की शेळी ‘येते’ म्हणाली की मुलांनी पळत जाऊन दार उघडायचं, ‘जाते’ म्हणाली की लावायचं. घरातलं खरंखुरं दार. हातापायाला लागलेला शब्द विसरत नाही, असं प्रियदर्शनीचं शिकवण्यातलं मत होतं, आणि ते खरंही होतं.

शेवटी ‘जाते’ प्रियदर्शनीनंच सासूच्या आवाजाची नक्कल करून म्हटलं. राहिलं ‘येते’. त्यातही गंमत झाली. आक्काताई आपल्या तिकडच्या बायांसारखं ‘येतो’ म्हणायच्या.

“आत्या, येतो नाही. येते,” प्रियदर्शनी म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

“का गं? येतो म्हटल्यालं चालत न्हाई?”

“चालतं. पण यशराजला वर्गात येते शिकवतात. बाई असली की येते.”

आक्काताईंनी थोडा विचार केला. “त्याला कळंल आसं बोलाय पायजे,” म्हणाल्या, आणि माइकच्या अगदी तोंडाशी जाऊन, पहिलीतल्या पोरीसारखं अक्षर जपत म्हणाल्या, “येते.”

परतीच्या एसटीत, पार कराड ओलांडेपर्यंत, त्या खिडकीबाहेर बघत तोच शब्द पुटपुटत होत्या. येते. येते. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं येता? तर म्हणाल्या, “जर्मनीला.”

त्याच एसटीत प्रियदर्शनीनं मोबाइलवर व्हिडिओचा नवा शेवट लिहिला. सासू जे बोलली ते बरोबरच होतं. आपल्यात निघणारं माणूस ‘येते’च म्हणतं, ही गोष्ट त्या पोरांना कोण सांगणार? तिनं आठ ओळी लिहिल्या. खेळ संपतो. शेळी निघते. उंबऱ्यावर थांबून म्हणते, येते हं. मुलगा दार उघडायला धावतो. शेळी हसते, म्हणते, अरे, जाताना पण आपण येतेच म्हणतो. म्हणजे निरोप. मग दोघं हात हलवतात आणि दार लागतं.

शनिवारी मंडळाच्या चारुलता मॅडमनी फोनवर कागद वाचून घेतला. मॅडम मूळच्या वाईच्या, तिकडं बावीस वर्षं मुलांना शिकवत होत्या. कडक होत्या, पण मायाळू. आवाज कधी चढायचा नाही. गाणं त्यांना आवडलं, शेळी तर फारच. शेवट मात्र काढायला सांगितला.

“एका शब्दाला एक कृती, प्रियदर्शनी. आत्ताच तर आपण सांगितलं येते म्हणजे दार उघड. आणि लगेच म्हणायचं की येते म्हणजे जाते? मागं एकदा वर्गात सात मुलांवर मी हे करून बघितलं होतं. पाच जण दाराशी नुसतीच उभी राहिली.”

“पण मॅडम, घरी फोनवर आजी-आजोबा असंच बोलतात.”

“दुसऱ्या भागात घेऊ. भूतकाळही तिथंच. ‘जा’चं ‘गेली’ होतं ते या वयात त्यांना कुठं उमगणार? आधी पाया होऊ दे.”

हे चूक होतं असं प्रियदर्शनीला आजही म्हणता येत नाही. वर्गात बसून शिकवणाऱ्या बाईचं म्हणणं होतं ते. पण त्या वेळी तिच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, की माझ्या सासूचा दुसरा भाग होईल की नाही मला माहीत नाही. ते तिनं गिळलं. फोनवर रडगाणं गायलं तर कामच जाईल, पुढचे सहा व्हिडिओ दुसरं कुणी लिहील, अशी भीती वाटली. ती म्हणाली, “हो मॅडम.” आणि आठ ओळी निवडून पुसून टाकल्या.

व्हिडिओ गेला. ऑक्टोबर सरता सरता अंकिताताईंचा, म्हणजे थोरल्या जावेचा निरोप आला, की शेळी यशराजला फार आवडलीय, दिवसातून चार-चार वेळा लावतो. आक्काताईंना प्रियदर्शनीनं तो व्हिडिओ दाखवला, पण त्यांना चष्म्यातूनही चित्रं नीट दिसायची नाहीत. त्या फक्त आपला आवाज कधी येतो तेवढं ऐकायच्या, आणि तो आला की सुनेच्या दंडाला चिमटा काढायच्या.

उरलेले सहा व्हिडिओही एकेक करून गेले, आणि रविवारचे फोन बदलले. यशराज आता विचारायचा, आज्जी, शेळी कुठे? आक्काताई सांगायच्या, रानात. तो विचारायचा, कवा येते? ‘कवा’ कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. ते त्यानं थेट आजीकडून उचललं होतं. अंकिताताई मागून म्हणाल्या, कवा नाही, कधी म्हणायचं. आक्काताई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या गं. माझं बी येक आसू द्या त्याच्यापाशी.”

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पायांवरची सूज पोटापर्यंत चढली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कृष्णातदादांचे तिकडं राहण्याचे कागद नव्यानं करायला दिलेले होते. ते हातात आल्याशिवाय देश सोडता येत नव्हता. ते रोज प्रशांतला फोन करायचे आणि रोज तेच सांगायचे, कागद आले की पहिल्या विमानानं. आक्काताईंनी एकदाच विचारलं, कागद किती मोठा आसतोय? मग पुन्हा विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनीच फोन लावायला सांगितला. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. प्रियदर्शनी उशाशी उभी राहून मोबाइल धरत होती, आणि एक डोळा त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर. आकडा अठ्ठ्याऐंशी. सत्याऐंशी. पुन्हा अठ्ठ्याऐंशी. तिला आयुष्यभर हीच खोड, काहीतरी पडेल, सांडेल, घसरेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायची. त्या संध्याकाळी तिनं आकडे राखले आणि शब्द राखायचा विसरली.

“जय भीम साहेब,” आक्काताई म्हणाल्या. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागला.

“जय भीम आज्जी. जेवलीस का?”

त्यानं विचारलं. आधी त्यानं. आक्काताईंनी सुनेकडे बघितलं, जसं काही पोरगं परीक्षेत पहिलं आलंय. जेवले म्हणाल्या, जेवल्या नव्हत्या तरी. मग त्यानं शाळेतलं काहीतरी सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं त्याच्या त्याच्या भाषेत. त्यांनी सगळं कळल्यासारखी मान हलवली. दमल्या. नर्स दारात येऊन उभी राहिली. तेव्हा त्यांनी मोबाइल जवळ ओढला आणि माइकसमोर बोलल्या होत्या तसं, अक्षर जपत, त्याला कळेल असं म्हणाल्या,

“येते हं बाळा.”

पडद्यावर यशराजचा चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग तो उठला आणि पळाला. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची आणि मागची पांढरी भिंत. दूर कुठंतरी काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

आक्काताईंनी वाट बघितली. चार सेकंद, दहा सेकंद, अर्धा मिनिट. खुर्ची रिकामीच.

“पळालं बग,” त्या म्हणाल्या. “कट्टाळलं आसंल. लेकरू हाय.” आणि हसू आणायचा प्रयत्न केला. “निरोप बी न घेता गेलं.”

प्रियदर्शनी म्हणाली, लहान मुलं अशीच असतात आत्या, आणि फोन बंद केला. आकडा शहाऐंशी झाला होता.

शनिवारी पहाटे त्या गेल्या. शेवटचं नीट बोलणं गुरुवारचंच. शुक्रवारी मधूनच डोळे उघडून म्हणाल्या होत्या, मी लई बोर करती व्हय गं त्याला? ‘बोर’ हा शब्द त्या प्रशांतकडून शिकल्या होत्या.

कृष्णातदादांनी आईचं सगळं मोबाइलवर बघितलं. त्रिशरण-पंचशील झालं, माणसं हात जोडून पांगली, प्रशांतनं उंच धरलेला मोबाइल तेव्हाच खाली घेतला. घरात अपूर्वा आज्जीच्या रिकाम्या खाटेला धरून उभी राहायची आणि खाली-वर बघायची. प्रियदर्शनी तिला उचलून न्यायची, ती पुन्हा तिथंच.

सहाव्या दिवशी अंकिताताईंचा फोन आला. आवाज चिरका झालेला.

“प्रिया, खरं सांग. आई त्याला येईन म्हणाल्या होत्या का?”

“नाही ताई. त्यांना उठून बसताही येत नव्हतं.”

“मग हा दार का लावू देत नाही? फोन झाला त्या गुरुवारपासून. शाळेतून आला की दार सताड उघडं टाकतो आणि जिन्यात पायरीवर जाऊन बसतो. बाहेर शून्याच्या खाली आहे गं. शेजारचे बोलायला लागलेत. आम्ही दोघांनी त्याला सांगितलं, आजी आता नाही, सगळं नीट समजावून सांगितलं, जर्मनमध्ये सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. तो म्हणतो, तुम्हाला माहीत नाही. आजीनं मला मराठीत सांगितलंय.”

प्रियदर्शनी जवळच्या खाटेवर बसली. ती सासूची खाट होती. तिला ती रिकामी खुर्ची दिसली, ती पांढरी भिंत, आणि काहीतरी आपटल्याचा तो आवाज आठवला. दार होतं ते. पोरगं कंटाळून पळालं नव्हतं. शब्द ऐकला आणि शिकवलं होतं तसं, पळत जाऊन, आजीसाठी दार उघडून उभं राहिलं होतं. आणि इकडे ती बाई, त्याला कळेल असा शब्द मुद्दाम घोकून म्हणालेली, आपण नातवाला नकोसे झालो असं समजून गेली.

त्या जायच्या एक मिनिट आधी उमगलं असतं तरी सांगता आलं असतं. आत्या, तो दार उघडायला गेलाय. एवढंच वाक्य. गुरुवारी संध्याकाळी ते तिच्याजवळ असायला हवं होतं. जगात फक्त तिलाच ते माहीत असण्यासारखं होतं.

“तूच सांग त्याला,” अंकिताताई म्हणत होत्या. “मराठीत सांग. आमचं तो ऐकत नाही.”

रविवारी, नेहमीच्या वेळी फोन लागला. नेहमीची खुर्ची. यशराजच्या अंगात जाड कोट होता, घरात बसूनही. त्याच्या मागं, पार टोकाला, उघडं दार दिसत होतं.

“जय भीम काकू.”

“जय भीम, यशराज.”

“आज्जी कवा येते?”

अख्खं वाक्य. एकही चूक नाही. प्रियदर्शनीनं मनात पन्नासदा घोकलेलं सगळं त्या वाक्यानं पुसून टाकलं. निघताना आपण येते म्हणतो, हे त्याला आता कसं सांगायचं? त्या आठ ओळींत शेळी हसून ते सांगत होती. ते हसण्यावारी सांगायची वेळ निघून गेली होती. आणि सांगितलं तरी, मग ती कधीच येत नाही, हे उरायचंच.

“आज्जी येत नाही, राजा,” ती म्हणाली.

“आज्जी येते. आज्जी म्हणाली, येते.”

“म्हणाली. पण आज्जी...” तिला शब्द सापडेना. सहा गुणिले दहा, साठ शब्द होते त्याच्याजवळ, सगळे तिनंच निवडून दिलेले. जाते होतं. पण जाते म्हटलं की त्याच्या हिशेबी शेळी अजून उंबऱ्यावरच असते. आणि आक्काताई तर उभ्या जन्मात निघताना तो शब्द बोलल्या नव्हत्या, माइकसमोरसुद्धा नाही.

“आज्जी गेली,” ती म्हणाली.

यशराजनं कपाळाला आठी घातली. शब्द ऐकलेला नव्हता. तो जा-सारखा अजिबात वाजत नाही.

“गेली?”

“हो.”

तो थांबला. चार सेकंद असतील. नव्या शब्दाला आधी चित्र दाखवायचं असतं, नाहीतर कृती करून दाखवायची असते, हे त्याला इतक्या आठवड्यांत पाठ झालं होतं. म्हणून तो काकूच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आता दाखवेल म्हणून. तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. मांडीवर अपूर्वा होती आणि पलीकडे गादी गुंडाळून ठेवलेली खाट. तिनं मोबाइल हळूच वळवला आणि खाट दाखवली.

त्यानं खाट बघितली. मग सरळ बसला, कोटाच्या लांब बाह्यांतून हात बाहेर काढले, आणि त्याला शिकवलं होतं तसं, तोडून, टाळी वाजवत म्हणाला,

“गे-ली. गे-ली. गे-ली.”

तीनदा. उच्चार अगदी स्वच्छ. मग त्यानं विचारलं, “बरोबर?”

“बरोबर,” प्रियदर्शनी म्हणाली.

तो शहाण्यासारखा मान हलवून खुर्चीवरून उतरला आणि पडद्याच्या टोकाला जाऊन दाराची कडी धरून उभा राहिला. ते लावायचं की उघडंच ठेवायचं, हे त्या शब्दात कुठं सांगितलेलं नव्हतं.